आभाराचं पत्र: कोणाला आणि काय लिहायचं?

प्रश्न: आई नेरूळच्या हॉस्पिटलात १७ दिवस होती, गेल्या महिन्यात गेली. तिथल्या सिस्टर आणि डॉक्टरांना आभाराचं पत्र द्यायचंय. कोणाच्या नावाने द्यावं, काय लिहावं? दोनदा लिहून फाडलं.

फाडलंत ते एका अर्थी बरं झालं. मी माझं पहिलं पत्र फाडलं नाही, तसंच देऊन आले, आणि त्याचा भुर्दंड एका सिस्टरला पडला.

वडील ठाण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात होते, नाव घेत नाही. शेवटी त्यांना गिळता येत नव्हतं. पाणी श्वासनलिकेत जाईल म्हणून फाइलवर 'तोंडाने काही देऊ नये' असं लिहिलेलं. जायच्या आदल्या रात्री आईने गंगाजलाची कुपी पर्समधून काढली. रात्रपाळीच्या सिस्टरने नाही म्हटलं नाही. अण्णांची मान कुशीवर वळवली, बोळा बुडवून नीट पिळला आणि आईच्या हाताने ओठांना लावू दिला. पुण्याहून निघालेल्या भावालाही तिने रात्री दीड वाजता आत सोडलं.

हे सगळं मी पत्रात लिहिलं. तिच्या नावासकट, तारखेसकट. वर 'नियम बाजूला ठेवून माणुसकी दाखवली' हे वाक्य! ते पत्र खाली फीडबॅकच्या काउंटरवर दिलं. तिथे कौतुक आणि तक्रार एकाच ट्रेमध्ये पडतात बहुतेक. त्यांना दोनच गोष्टी दिसल्या: मनाई असताना तोंडाने पाणी, आणि भेटीची वेळ नसताना नातेवाईक आत. सिस्टरला मेमो मिळाला. मला कळलं ते तीन आठवड्यांनी, विम्याचे कागद आणायला गेले तेव्हा, तेही तिच्याच मैत्रिणीकडून. मी धावत पुन्हा त्या ऑफिसात गेले, खुलाशाचं पत्र देते म्हटलं, तर उत्तर आलं, "मॅडम, ते क्लोज झालंय." मृत्यूच्या दाखल्यातलं स्पेलिंग दुरुस्त करायला चार खेपा घालायला लावणारं ऑफिस, आणि हे मात्र झटक्यात क्लोज.

म्हणून माझं ठाम मत (मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, तुमच्याकडे पद्धत वेगळी असू शकते): तुमच्यासाठी कोणी नियम वाकवला असेल तर ते तिला तोंडी सांगा. कागदावर फक्त तिचं रोजचं काम लिहा. ते काही कमी नसतं. मी आज लिहिलं असतं तर असं:

"अण्णांना दर दोन तासांनी कूस बदलून दिली, त्यामुळे ११ दिवसांत पाठीला जखम झाली नाही. तोंड कोरडं पडू नये म्हणून ओल्या बोळ्याने ओठ पुसत राहिलात. घशातली घरघर ऐकून आई घाबरली, तेव्हा तुम्ही तिला खुर्ची दिली आणि ही घरघर त्यांना आपल्याइतकी जाणवत नसते, हे शांतपणे समजावलंत."

तोच बोळा, त्याच सिस्टर. पण यात कोणाला बोट ठेवायला जागा नाही.

डॉक्टरांबद्दल लिहिताना एक वाक्य टाळा. आपण सहज म्हणतो, "डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि आई सुटली." घरात ठीक आहे. कागदावर त्याचा अर्थ भलताच होतो, कारण इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे गुन्हा आहे. 'वेदना आटोक्यात ठेवल्या, पुढे काय होणार ते आधी सांगितलं' एवढं लिहा. आणि बिलाचा राग याच पत्रात काढू नका. त्यासाठी वेगळा कागद.

नावं आठवत नसतील तर अडू नका. डिस्चार्जच्या किंवा डेथ समरीच्या कागदावर आयपी नंबर असतो. तो, वॉर्ड, बेड नंबर आणि 'अमुक ते अमुक तारखेची रात्रपाळी' एवढं लिहिलं की ड्यूटीच्या तक्त्यावरून त्यांना माणसं सापडतात. पत्र मेट्रनच्या नावाने द्या, एक प्रत वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात. मेट्रनकडचं पत्र सिस्टरच्या फाइलला लागण्याची शक्यता तरी असते. फीडबॅक काउंटरवर नको, हे माझं जळलेल्या तोंडाचं मत समजा. मावशी आणि वॉर्डबॉय बहुधा कंत्राटावर असतात, त्यांचा उल्लेख मुद्दाम करा. आमच्या वॉर्डात निम्म्या सिस्टर केरळच्या होत्या, त्यामुळे मागच्या बाजूला तेच इंग्रजीत लिहिलेलं बरं.

पाकिटात पैसे नकोत, त्या अडचणीत येतात. पेढे न्यायचे तर रात्री आठच्या सुमाराला न्या, पाळी बदलताना. सकाळी नेलेला बॉक्स रात्रवाल्यांपर्यंत पोचत नाही.

स्वतः जायला जमेलच असं नाही. मी दुसरं पत्र घेऊन गेले तेव्हा लिफ्टचं दार उघडल्यावर त्या स्पिरिटच्या वासानेच परत फिरले. शेवटी ते स्पीड पोस्टाने पाठवलं.