ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी बाबांनी लिहिलेलं पत्र

प्रश्न: "मॅडम, मुलीची सीईटी झालीये, इंजिनिअरिंगसाठी दोन कॉलेजं डोक्यात आहेत. तिला एक हवंय, मला दुसरं बरं वाटतंय. बोलायला बसलो की पाच मिनिटांत आवाज चढतो आणि ती खोलीत निघून जाते. पत्र लिहून माझं मत सांगितलं तर चालेल का, की तेही लादल्यासारखंच होईल?"

नक्की लिहा, पण पत्रात काय लिहिता त्यावर सगळं आहे. मागच्या सीझनला माझ्याकडे सोलापूर जिल्ह्यातले एक वडील आले होते (ओळख पटेल असे तपशील बदललेत), हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं, मुलीला सीईटीत ९१.२ पर्सेंटाइल. तिला पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात एआय अँड डेटा सायन्स हवं होतं, आणि यांचं मन एका जुन्या ऑटोनॉमस कॉलेजच्या ईअँडटीसीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनवर, जे कॉलेज घरापासून तीन तासांवर आहे. पत्र लिहूनच आणलं होतं त्यांनी, चार पानं. मी वाचलं आणि म्हटलं, दादा, हे पत्र नाहीये, हा निकाल आहे.

पहिल्याच पानावर फीचा हिशोब होता. पुण्याची फी एवढी, इथली एवढी, चार वर्षांत साडेतीन लाखांचा फरक, आणि खाली "बाबाचा विचार कर". आता हे कुटुंब ओबीसी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, झाला असेल, तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते, आणि ती खासगी कॉलेजातही होते. म्हणजे त्यांचा साडेतीन लाखांचा फरक जवळजवळ सगळा गळून पडला, उरला तो हॉस्टेल-मेसचा फरक, पुण्यात वर्षाला साधारण चाळीस हजार जास्त. मुलीला हे आधीच माहीत होतं, वर्गातल्या मैत्रिणींकडून. हे पत्र तसंच तिच्या हातात पडलं असतं तर पहिल्या पानावरच तिने ठरवलं असतं की बाबांना काही माहीत नाही, आणि पुढची तीन पानं वाचलीच नसती.

एक गोष्ट मात्र त्यांना नवीन होती. "कॅपमध्ये नाही लागलं तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ" असं त्यांनी मुलीला मोठ्या मनाने कबूल करून ठेवलं होतं, तर कोट्यातून घेतलं की ही माफी जाते. हे पत्रात स्पष्ट लिहायला लावलं मी.

मग प्लेसमेंट. माहितीपत्रकावर सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आकडा असतो, तो एका पोराचा असतो हो, बाकीच्यांचं काय? मी त्यांना दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, दिलेली माहिती काढायला सांगितली, भाग घेणाऱ्या कॉलेजला ती स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते, पीडीएफ असते, बहुतेक वेळा कुठल्यातरी कोपऱ्यात. त्यात चार वर्षांच्या यूजी कोर्सचा तक्ता असतो, त्यात पहिल्या वर्षाला किती आले, वेळेत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेले हे सगळं ओळीने असतं. पुण्याच्या कॉलेजात ४८० आले होते, वेळेत पास ३१०, नोकरी १३५ जणांना, मीडियन ३.५ लाख. जुन्या कॉलेजात ३६० आले, वेळेत पास २९५, नोकरी १९०, मीडियन ४.४ लाख. वडील बराच वेळ त्या ३१० कडेच बघत होते. पॅकेज राहू द्या, १७० पोरं वेळेत पासच झाली नाहीत हे त्यांना जास्त लागलं.

पण या तक्त्याला मर्यादा आहे आणि तीही पत्रात लिहा असं मी सांगितलं. हा आकडा अख्ख्या कॉलेजचा असतो, ब्रँचचा नाही, आणि बॅच जुनी असते. मुलीला हवी ती एआयची ब्रँच तिथे २०२२ ला सुरू झालेली, म्हणजे तिची एकही बॅच त्या तक्त्यात नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही, रेकॉर्डच नाही. तसंच एनबीए मानांकनाचं, ते एकेका कोर्सला मिळतं, कॉलेजला नाही, त्यामुळे गेटवर बोर्ड दिसला तरी आपल्या ब्रँचला आहे का ते विचारायचं. जुन्या कॉलेजच्या ईअँडटीसीला होतं.

दुसऱ्या वेळी ते दीड पान घेऊन आले. त्यातला हा भाग त्यांच्या परवानगीने देतेय:

"बाळा, फीच्या बाबतीत मी चुकलो होतो, तू बरोबर होतीस. कॉम्प्युटरची आवड तुला आहे हे मला कळतं. पण तुझ्या ब्रँचचा तिथला एकही निकाल अजून बाहेर आलेला नाही आणि मला त्याचीच भीती वाटते. तू लांब जाशील ही भीतीपण आहे, ती माझी आहे, तिचा हिशोब तू करू नकोस. माझं मत ईअँडटीसीच्या बाजूने आहे. तिथल्या मुलांना कोडिंगच्या कंपन्या बसू देत नाहीत असं तुला कळलं तर मला सांग, मी मत बदलेन. फॉर्म तूच भरायचास. बाबा."

"मी मत बदलेन" ही ओळ घालायला त्यांना दोन दिवस लागले. पण तिने उत्तर दिलं ते त्याच ओळीला. पत्रावर ती काही बोलली नाही, तिने जुन्या कॉलेजच्या ईअँडटीसीच्या दोन सीनिअर मुली शोधून काढल्या, फोन केले आणि रात्री जेवताना सांगितलं की बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या ईअँडटीसीसारख्या सगळ्या सर्किट ब्रँचना बसू देतात, पण कोडिंग स्वतःचं स्वतः शिकावं लागतं, कॉलेज शिकवत नाही. दोघांच्या बाजूचं थोडं थोडं निघालं.

आता फॉर्म, इथे मात्र मी मध्ये पडले. मुलगी म्हणत होती, पुणं नक्की लागतंय तर तेच वर टाकते, ईअँडटीसी खाली, बघू पुढच्या राउंडला. असं होत नाही. २०२५-२६ च्या नियमांत चार राउंड होते, आणि पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, पुढच्या राउंडमध्ये जाताच येत नाही. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं की तेच. म्हणजे पुणं वर टाकलं असतं तर दुसरं कॉलेज तिथेच संपलं. उलट अवघड पर्याय वर टाकल्याने काही जात नाही, तो नाही लागला तर सिस्टिम खालचा देतेच, वर टाकलं म्हणून खालच्याचा हक्क कमी होत नाही. (यंदाचं माहितीपत्रक बघूनच चला, हे नियम बदलतात.)

त्याच्या आदल्या वर्षी तिच्या कॅटेगरीत ईअँडटीसी पहिल्या राउंडला ९१.८ ला थांबलं होतं, दुसऱ्याला ९०.६ ला. तिने जुन्या कॉलेजचं कॉम्प्युटर एक नंबरला टाकलं, मिळणार नाही हे माहीत असून, ईअँडटीसी दोन, पुण्याचं एआय तीन. पहिल्या राउंडला पुणं लागलं. तिसरा पर्याय, त्यामुळे सीट स्वीकारून बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायासाठी पुढच्या राउंडला, थांबता आलं. दुसऱ्या राउंडला ईअँडटीसी लागलं आणि फ्रीज झालं.

तुम्ही पत्र लिहाल तर फॉर्म कन्फर्म करायच्या किमान चार-पाच दिवस आधी तिच्या हातात द्या, म्हणजे तिला फोन करायला वेळ मिळेल. दिल्यावर "वाचलंस का" विचारू नका. त्या मुलीने तीन दिवस काहीच म्हटलं नव्हतं आणि वडील मला रोज फोन करत होते, मी रोज तेच सांगत होते, थांबा.