फ्लाय अॅश विटेऐवजी एएसी: व्हीई प्रपोजलमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही

प्रश्न: "जी+७ रेसिडेन्शियल, बेसा साइड. बाहेरच्या भिंतीत २३० मिमी फ्लाय अॅश विटेऐवजी २०० मिमी एएसी ब्लॉकचं व्हीई म्हणजे व्हॅल्यू इंजिनियरिंगचं प्रपोजल दिलंय. बचत, टिकाऊपणा, प्रोग्रॅम असा तक्ता जोडलाय, फुटिंगच्या स्टीलची बचतही धरलीय. प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटकडे पडून आहे, रोज नवीन क्वेरी येते. फुटिंग चालू झालेत. काय करू?"

भाऊ, फुटिंगच्या स्टीलची ओळ आजच तक्त्यातून काढा, सुधारित प्रपोजल पाठवा, मग बाकीचं वाचा.

आमच्यासोबत अगदी हेच झालं होतं. प्रपोजल दिलं तेव्हा खोदकाम चालू होतं, त्यामुळे हलक्या भिंतीमुळे फुटिंग लहान होतील हा हिशोब तेव्हा बरोबर होता. पण समोरचं ऑफिस (नाव घेत नाही) एका वेळी एकच प्रश्न विचारून राहिलं. आधी टेस्ट सर्टिफिकेट, ते दिलं तर रेट अॅनालिसिस, ते दिलं तर स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं पत्र, ते आणलं तर सही करणारे साहेब रजेवर. सगळे प्रश्न एका पत्रात विचारता आले असते ना, पण नाही. तोवर इकडे फुटिंग झाले, पेडेस्टल झाले, प्लिंथ बीम झाले. मग मंजुरी आली, आणि ती मूळ आकड्यासकट आली! म्हणजे जे स्टील आम्ही ओतून मोकळे झालो होतो त्याचीही 'बचत' आमच्या आरए बिलातून वजा. आम्ही पत्रं लिहिली, मीटिंगा झाल्या, उत्तर एकच, "प्रपोजल तुमचंच आहे, आकडा तुमचाच आहे." आजही आठवलं की डोकं तापते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक व्हीई प्रपोजलमध्ये प्रत्येक बचतीसमोर एक तारीख असते. "ही बचत अमुक तारखेपर्यंत लेखी मंजुरी मिळाल्यासच लागू, त्यानंतर शून्य." फुटिंगच्या बचतीची तारीख म्हणजे पहिल्या फुटिंगच्या स्टील कटिंगचा दिवस, काँक्रीटचा नाही. कॉलम-बीमची तारीख वेगळी, भिंतीची वेगळी. आणि क्वेरीत गेलेले दिवस त्या तारखेत मोजले जातील हेही लिहायचं. उगाच कडक वाटेल, वाटू द्या.

आता पैशाचं. ब्लॉकच्या रेटवर तुलना करू नका, एक चौरस मीटर भिंतीवर करा. खालचे रेट फक्त हिशोब दाखवायला धरलेत, तुमच्या कोटेशनचे टाका. ९ इंची विटेच्या भिंतीत चौमीला साधारण १०० विटा, ६ रुपयांनी ६००, मसाला २६०, मजुरी २७०, म्हणजे ११३०. एएसी २०० मिमीमध्ये ब्लॉक ०.२ घनमीटर, ३८०० च्या रेटने ७६०, अॅडहेसिव्ह ५०, मजुरी १७०, म्हणजे ९८०. दिसायला १५० वाचले. पण कॉलमला लागून जाळी, मधली आरसीसी पट्टी याचे ६० धरा, आणि तुटफुटीचे ४०, कारण उतरवताना कोपरे जातातच. हातात राहिले ५०. ६००० चौमी भिंत असेल तर ९ लाखाचे ३ लाख झाले. हाच ३ लाखाचा आकडा द्या. ९ लाख दाखवून नंतर जाळीचे पैसे मागायला गेलात तर कोणी देणार नाही. प्लास्टरची जाडी कमी होते हे खरं आहे, पण त्याचे पैसे मी धरत नाही, कारण कॉलम-बीम लाइनीत नसले की ते सगळं तिथेच जाते.

वजनाचा फायदा मात्र मोठा आहे. विटेची भिंत प्लास्टर सोडून चौमीला ४०० किलोच्या आसपास, एएसी दीडशेच्या आत. आपल्याकडच्या काळ्या मातीत याला खरंच अर्थ आहे, पण डिझाइन बदलायला वेळ असेल तरच. तुमच्याकडे तो गेला. फार तर वरच्या मजल्यांच्या बीमचं स्टील कन्सल्टंटकडून तपासून घ्या, त्यांनी लेखी दिलं तरच तक्त्यात टाका.

प्रोग्रॅमच्या कॉलममध्ये सगळे "ब्लॉकवर्क फास्ट" लिहून मोकळे होतात. काम लवकर होते, नाही म्हणत नाही, पण तुमचा बारचार्ट उघडून बघा, जोडाई क्रिटिकल पाथवर आहे का? स्लॅब सायकलच ठरवत असेल तर जोडाई दोन मजले मागून येणारच, वाचलेले दिवस नुसते फ्लोटमध्ये जातात, हँडओव्हर तिथल्या तिथेच. शिवाय एएसीला घाई चालत नाही. एका दिवसात फार उंच चढवायचं नाही, बीमखाली फट ठेवून ती वरचं लोड बसल्यावर भरायची, आणि प्लास्टरच्या आधी भिंतीला सुकायला निदान २-३ आठवडे द्यायचे. हे दिवस तक्त्यात दाखवा, नाहीतर ठेकेदार पंधरवड्यातच प्लास्टर मारतो आणि मग भेगांचे फोटो तुमच्या मोबाइलवर.

टिकाऊपणाबद्दल. ब्लॉक खराब नसतो, ओला लागला की त्रास देतो. ऑटोक्लेव्हमधून नुकताच निघालेला माल ओलसर असतो, तो भिंतीत गेल्यावर सुकतो आणि आकसतो. आयएस २१८५ भाग ३ मध्ये ड्राइंग श्रिंकेजची मर्यादा ग्रेड १ ला ०.०५ टक्के आहे, पण सर्टिफिकेटवर ती असून साइटवर ओला माल आला तर काय कामाचं? साधा काटा ठेवा. ६००×२००×२०० चा ब्लॉक, कोरडी घनता ६०० धरली तर कोरडा १४.४ किलो. काट्यावर १८ आला म्हणजे कोरड्या वजनाच्या चौथाई पाणी, बाजूला ठेवा. मी साडेसोळापर्यंत चालवतो, हे माझं मत, कोड नाही. प्रत्येक ट्रकमधले चार-पाच ब्लॉक वजन करायला किती वेळ लागते? थप्पी जमिनीवर नको, आणि जूनच्या आधी ताडपत्री. मे महिन्यात उलटी गत, ब्लॉक इतका तापलेला असतो की अॅडहेसिव्हचं पाणी लगेच ओढून घेतो, तेव्हा पृष्ठभागावर ब्रशने हलकं पाणी मारा, भिजवू नका.

भेग बघून कारण कळते. कॉलमच्या कडेने सरळ उभी असेल तर जाळी नाही किंवा जोड नीट भरला नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी असेल तर सिल-लिंटलची पट्टी आखूड. भिंतभर जाळ्यासारख्या बारीक भेगा आणि टकटक केलं की पोकळ आवाज, तर प्लास्टर जास्त सिमेंटचं, १:४ मारलेलं. एएसीवर १:६ किंवा रेडीमिक्स प्लास्टर.

प्लिंथखाली आणि टॉयलेटला फ्लाय अॅश वीटच ठेवा, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेमुळे आपल्याकडे नागपुरात ती सहज मिळते. गिझर, किचनचे ओव्हरहेड कपाट यांना ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर लागतात, हे सेल्स टीमला सांगून ठेवा, नाहीतर ताबा दिल्यावर शिव्या आपल्यालाच.

करार काढून बघा. फिडिक १९९९ च्या रेड बुकसारखा असेल तर १३.२ मध्ये व्हॅल्यू इंजिनियरिंग आहे. प्रपोजलने कायमच्या कामाचं डिझाइन बदलत असेल आणि ते मंजूर झालं, तर निव्वळ फायद्याचा अर्धा भाग ठेकेदाराला, पण टिकाऊपणा वा दर्जा घटल्याचं मूल्य त्यातून आधी वजा होते. आणि १३.३ प्रमाणे उत्तराची वाट बघत काम थांबवता येत नाही, म्हणून "मंजुरीसाठी थांबलो" हे एक्सटेन्शनचं कारण म्हणून टिकत नाही. खाजगी बिल्डरच्या करारात बऱ्याचदा हे कलमच नसते. मी वकील नाही, तुमच्या वकिलाला दाखवा. कलम नसेल तर वाटपाचं पत्र आधी सही करून घ्या, काट्यावर ब्लॉक चढवायच्या आधी.