मुदतवाढीचे पत्र मिळाल्यावर पेपर डीलर काय तपासतो

प्रश्न: माझे चाकणला कोरुगेटेड बॉक्सचे छोटे युनिट आहे. महिन्याला ३ लाखांचे बॉक्स घेणाऱ्या कंपनीने मार्चच्या बिलांपासून पेमेंट ४५ वरून ९० दिवसांवर नेले. क्राफ्ट पेपर देणाऱ्या डीलरची ३० दिवसांची उधारी आहे, त्यांची ६,४०,००० बाकी झाली आहे. मुदत वाढवून मागायची आहे, हप्त्यांसह पत्र कसे लिहू?

उत्तर:

मी एका पेपर डीलरकडे वसुली आणि पार्ट्यांची खाती पाहतो, म्हणजे अशी पत्रे माझ्याच टेबलावर येतात. बहुतेकांत एक वाक्य हमखास असते, "आमच्या पार्टीचे पेमेंट आले की तुमचे लगेच करतो." ते वाचले की मी शेठना सांगतो, पुढचा माल थांबवा. पार्टी खोटे बोलते असे नाही, पण त्या वाक्यामागचा हिशेब बसत नाही.

४५ चे ९० दिवस झाल्यावर तुमचे दीड महिन्याचे, म्हणजे ४,५०,००० रुपये कंपनीकडे जास्तीचे अडकले. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिकडून काहीच आले नसेल. जूनपासून पैसे पुन्हा सुरू होतील, पण ते दर महिन्याचे नेहमीचे ३ लाखच असतील आणि पुढच्या रीळ, पगार, लाइटबिलात जातील. मधला खड्डा त्यातून भरत नाही. कंपनी ९० दिवसांवर आहे आणि तुम्ही तेवढाच माल देताय, तोवर ही रक्कम अडकलेलीच राहणार. म्हणून पत्राआधी एकच गोष्ट ठरवा, हे साडेचार लाख कुठून येणार.

पहिला मार्ग ट्रेड्सचा, म्हणजे छोट्या उद्योगांची बिले वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा. कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर नोंदणी तिला सक्तीची आहे. तुमचे बिल तिने तिथे मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे थोड्या दिवसांत तुमच्या खात्यात येतात. मात्र नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल तिथे चढवणे कंपनीच्या हातात असते, म्हणून त्यांच्या अकाउंट्सला आजच विचारा. तुमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून असेल तर ४५ दिवसांच्या वर पेमेंट ठेवणे मुळात कायद्याला धरून नाही. हे बोलताना ते जरूर सांगा.

दुसरा मार्ग कडू आहे, पण तो तुमच्या हातात आहे. कंपनीचा पुरवठा तीन महिने निम्म्यावर आणा. दीड लाखाचा माल ९० दिवस अडकला तरी रक्कम साडेचार लाखच होते, म्हणजे जुन्या ४५ दिवसांइतकीच. बॉक्सच्या किमतीत पेपर साधारण ६० टक्के धरला तर महिन्याला ९०,००० चा पेपर कमी लागेल आणि जुन्या बिलांचे ३ लाख सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतच राहतील. तीन महिन्यांत २,७०,००० सुटतात. छोट्या पार्ट्यांकडचे जुने १ लाख वसूल करता आले आणि घरखर्चाची उचल तीन महिन्यांत मिळून ८०,००० ने कमी केली, की साडेचार लाख पुरे होतात. वसुलीचा आणि उचलीचा आकडा मी धरलेला आहे, तुमचा तुम्ही घाला. बेरीज मात्र कागदावर जमली पाहिजे. जमली नाही तर हप्ते लहान करा किंवा मुदत लांबवा, पण न जमणारे हप्ते लिहून देऊ नका.

आता डीलरच्या बाजूने बघा. आमचा धंदाही बँकेच्या सीसीवर चालतो. दर महिन्याला स्टॉक आणि येणे बाकीचे स्टेटमेंट बँकेला जाते आणि त्यावर आम्हाला किती पैसे उचलता येतील ते ठरते. बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी बिले त्यातून वगळतात. तुमचे बिल ९१ व्या दिवसात गेले की त्याच्या जोरावर आम्हाला मिळणारे पैसे बंद होतात. म्हणून आमच्यासाठी एकूण बाकीइतकेच प्रत्येक बिलाचे वय महत्त्वाचे असते. "दर महिन्याला काहीतरी देतो" असे लिहिलेल्या पत्रात हे कळत नाही. हप्ता कोणत्या बिलाला जाणार हे लिहिलेले पत्र मी लगेच शेठपुढे ठेवतो.

तुमची बिले मला दिसत नाहीत, म्हणून अशी धरतो: १८ एप्रिल २,१०,०००, ६ मे २,४०,००० आणि २७ मे १,९०,०००. आज ९ जून धरला तर पहिली दोन थकली आहेत, बेरीज नेमकी ४,५०,०००. तिसऱ्याची मुदत २६ जूनला संपते, ते मुदतवाढीत घालू नका. जे अजून थकलेच नाही त्यासाठीही मुदत मागितली की डीलरला वाटते, पार्टी पूर्ण बसली. पत्र साधारण असे होईल:

> विषय: दोन बिलांसाठी मुदतवाढ आणि परतफेडीचे वेळापत्रक
>
> आदरणीय शेठजी, सप्रेम नमस्कार.
>
> ९ जूनच्या खातेउताऱ्याप्रमाणे आमच्याकडे आपली ६,४०,००० रुपये बाकी आहे. आपल्या लेजरशी ती जुळवून घेतली आहे. त्यांपैकी १८ एप्रिल आणि ६ मेची बिले मिळून ४,५०,००० मुदतीबाहेर गेले आहेत.
>
> आमच्या मोठ्या ग्राहकाने पेमेंट ४५ वरून ९० दिवसांवर नेल्याने ही रक्कम अडकली. त्या ग्राहकाचा पुरवठा आम्ही याच आठवड्यापासून निम्मा केला आहे. त्यातून सुटणारा पैसा, छोट्या पार्ट्यांची जुनी वसुली आणि घरची कमी केलेली उचल यांतून पुढील हप्ते देऊ.
>
> १८ एप्रिलचे बिल: १५ जून ६०,०००, ३० जून ७५,०००, १५ जुलै ७५,०००.
>
> ६ मेचे बिल: ३१ जुलै, १५ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १५ सप्टेंबर, प्रत्येकी ६०,०००.
>
> पहिले बिल ९० दिवसांच्या आत पूर्ण होते. दुसऱ्या बिलाचे १,८०,००० मात्र ४ ऑगस्टनंतर ९० दिवसांच्या पुढे जातात, याची आपल्याला आधीच कल्पना देत आहोत.
>
> २७ मेचे बिल आणि नवीन बिले नेहमीप्रमाणे ३० दिवसांत देऊ. जुने-नवे मिळून आमचे खाते ६,४०,००० च्या वर जाणार नाही आणि प्रत्येक हप्त्याबरोबर ही मर्यादा तेवढ्याच रकमेने खाली येईल. एखादा हप्ता चुकल्यास तो भरेपर्यंत नवीन माल रोख घेऊ.
>
> उशिराचे व्याज बिलावरील दराने शेवटच्या हप्त्यानंतर एकत्र द्यावे, ही विनंती. हे वेळापत्रक मान्य असल्यास याच पत्राच्या प्रतीवर सही करून द्यावी.

एवढे पुरे. मार्केट मंद आहे, घरात आजारपण आहे असे त्यात घालू नका. तसे असेल तर समोर बसून सांगा, शेठ ऐकतात. कागद पुढे सीए आणि बँकेसमोर जाऊ शकतो.

पत्रातली मर्यादेची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. डीलरची खरी भीती जुन्या बाकीची नसते. जुने थोडे थोडे फिटताना नवे उधार वाढत जाईल आणि सहा महिन्यांनी बाकी ६ ऐवजी ९ लाख असेल, ही असते. खाली उतरणारी मर्यादा लिहून दिली की तो प्रश्न मिटतो, आणि सगळा माल रोख घेण्याची वेळ तुमच्यावर येत नाही. तशी वेळ आली तर ज्या पैशातून हप्ते द्यायचे तोच पैसा रोख खरेदीत जाईल. डीलर त्यावरच अडून बसला, तर अर्धे रोख आणि अर्धे १५ दिवसांत असे मागून बघा, पण तेव्हा हप्त्यांची रक्कम पुन्हा मोजा.

व्याजाचे आधी मोजून ठेवा. बिलावर १८ टक्के छापलेले असेल तर या वेळापत्रकाने, प्रत्येक बिलाच्या मुदतीपासून धरून, ते सुमारे १३,९०० होते. बरेच डीलर वेळेवर हप्ते आले की त्यातले काही सोडतात. तुम्ही मात्र ते माफ करा असे पत्रात मागू नका.

खाते जुळवणे हे पत्राच्या आधीचे काम आहे. रीळचे वजन कमी भरले म्हणून किंवा माल परत केला म्हणून एखादी क्रेडिट नोट यायची राहिली असेल, तर ती आत्ताच मागा. सहीनिशी बाकी कबूल केली की त्या तारखेपासून वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते, आणि त्यानंतर "त्यातले १२,००० आमचे निघतात" म्हणणे जड जाते. डीलरला मात्र हीच कबुली हवी असते, त्यामुळे तुमच्या पत्राला वजन येते.

डीलर पुढच्या तारखांचे चेक मागेल. पहिल्या तीन हप्त्यांचे द्या, कारण तो पैसा तुम्हाला समोर दिसतो आहे. सगळ्या सातांचे देऊ नका. चेक परत गेला तर कलम १३८ खाली नोटीस येते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली नाही तर फौजदारी तक्रार होऊ शकते. पुढचे चेक मागचे तीन हप्ते फिटल्यावर देतो, असे सांगितले तर आम्ही सहसा ऐकतो.

मी इथे डीलर धरला आहे. पेपर थेट मिलकडून घेत असाल आणि ती उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर हिशेब बदलतो. कायदा अशा पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांतच पैसे द्यायला सांगतो. तुम्ही दोघांनी सही करून ९० दिवस ठरवले तरी त्यापुढे चक्रवाढ व्याजाचा त्यांचा हक्क राहतो. शिवाय व्यापाऱ्यांच्या तोंडी ४३बी(एच) म्हणून रुळलेल्या तरतुदीने, अशी मुदतीबाहेरची रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली तर त्या वर्षी तुम्हाला ती खर्चात धरता येत नाही. वरचे हप्ते सप्टेंबरात संपतात, त्यामुळे आयकराचा त्रास होणार नाही. हेच पत्र जानेवारीत लिहायची वेळ आली तर आधी सीएला दाखवा. निव्वळ व्यापारी असलेल्या डीलरला ही ४५ दिवसांची तरतूद लागत नाही.

आधी फोन करा, मग पत्र व्हॉट्सअॅप आणि मेल दोन्हीवर पाठवा. १५ जूनचे ६०,००० शक्य असतील तर पत्राच्याच दिवशी एनईएफटी करा आणि यूटीआर नंबर पत्राखाली लिहा. त्या नंबरावरून मी खाते उघडतो, पैसे जमा दिसतात, आणि शेठ माल सोडायचा की नाही हे विचारतात तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीतरी असते.