बांधाआधी मानाचं बघा

तंटामुक्ती समितीवर नवीन आलात, म्हणून दोनच गोष्टी सांगतो.

दोघांना पहिल्याच दिवशी चावडीवर समोरासमोर बसवू नका. चारचौघांत कोणी माघार घेत नाही. आमच्याकडे दोन भावांचा फूटभर बांधाचा वाद होता. थोरल्याच्या घरी जाऊन बसलो तेव्हा कळलं, खरा सल पोळ्याला सगळ्यांदेखत ऐकलेल्या शब्दाचा होता. मग बांध सरकारी मोजणीवर सोपवला. कोणी कोणापुढे नमलं, असं झालं नाही.

माफी धाकट्याने थोरल्याच्या ओसरीवर मागितली: “दादा, तुला चोर म्हणालो. चुकलं माझं.” शब्द चारचौघांत गेलेला, म्हणून दोन वडीलधारे सोबत नेले होते.

“चुकलं असेल तर माफ कर” किंवा “चुकलं, पण तूही...” असं मात्र म्हणू देऊ नका. त्याने भांडण पुन्हा पेटतं.