चार प्रहरांचा पाळणा : नाताळगीत लिहिणाऱ्यास पत्र

शरणपूर, नाशिक

प्रिय बाळ,

सप्रेम आशीर्वाद. कॉयरसाठी लिहिलेल्या नाताळगीताचा तुझा मसुदा मी सावकाश वाचला आणि पेटीवर वाजवूनही पाहिला. पाळण्याच्या चालीवर गीत बांधण्याची तुझी निवड मला मनापासून पटली. हा प्रकार आपल्या मंडळीतल्या आजीबाईंना कागद हातात न घेता गाता येतो, आणि बाळाच्या जन्माचे गाणे म्हणून तो गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'पाळणा चर्चमध्ये कशाला?' असे कुणी विचारले तर नम्रपणे सांगावे की फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र ओवीत रचले आणि ते 1616 साली छापले गेले. म्हणजे आपली कथा या मातीच्या छंदात चारशे वर्षांपासून गायली जात आहे.

अडचण आहे ती रचनेत. पारंपरिक पाळणा 'पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी' असा बाराव्या दिवसाच्या बारशापर्यंत चालतो आणि तूही तोच साचा घेतला आहेस. परंतु लूकच्या शुभवर्तमानात दिवसाचा स्पष्ट उल्लेख येतो तो आठव्या दिवशी नाव ठेवल्याचा. त्याआधीचे सगळे महत्त्वाचे प्रसंग एका रात्रीच्या आसपास घडतात. त्यामुळे तुला दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी घालायला काही सापडेना, आणि तिथे गोदावरी, सह्याद्री, द्राक्षबाग, कांद्याची चाळ अशी नाशिकची सगळी ओळख भरली गेली. त्या ओळी ऐकायला गोड आहेत, पण त्यांच्यातून कथा एक पाऊलही पुढे जात नाही. माझी सूचना अशी की दिवसांऐवजी रात्रीचे चार प्रहर धर. पहिल्या प्रहरी मुक्कामाला जागा नाही, दुसऱ्या प्रहरी जन्म, तिसऱ्या प्रहरी मेंढपाळांना मिळालेली वार्ता, चौथ्या प्रहरी त्यांचे परतणे. क्रम लूकचाच राहतो आणि कडवी चारच होतात. जन्माची वेळ शास्त्रात दिलेली नाही, प्रहर ही आपली मांडणी आहे, एवढे फादरांना मसुदा दाखवताना आपणहून सांग. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक संगीतपरंपरेचा आदर करायला सांगितले आहे, तसेच गीतांचे शब्द धर्मशिकवणीशी जुळणारे आणि मुख्यतः पवित्र शास्त्रातून घेतलेले असावेत असेही म्हटले आहे. फादर तुझे शब्द त्याच नजरेने वाचतील.

आता छंद. तुझी ओळ अशी आहे : 'पहिल्या प्रहरी वेशी, दोघे आली परदेशी'. (तुझ्या मसुद्यातल्या 'दिवशी'च्या जागी मी 'प्रहरी' घातले आहे.) दोन्ही चरणांत आठ-आठ अक्षरे आहेत, जोडाक्षर एकच धरायचे, म्हणजे मोजणी बरोबर आहे. तरीही ढोलकीवर ओळ अडखळते, कारण आठ मात्रांच्या केरव्यात पहिली आणि पाचवी मात्रा ऐकणाऱ्याच्या कानात ठळक असते आणि इथे पाचवी मात्रा 'प्रहरी' शब्दाच्या मधोमध, 'ह' वर येते. गाताना 'पहिल्याप्र... हरीवेशी' असे ऐकू येते. म्हणून शब्द चार अक्षरांवर थांबला पाहिजे. दुसरी चूक अर्थाची आहे : योसेफ बेथलेहेमात परदेशी नव्हता. तो दाविदाच्या घराण्यातला म्हणूनच नावनोंदणीसाठी तिथे आला होता. 'परदेशी' हा शब्द केवळ 'वेशी'च्या यमकाने ओढून आणला आहे. मी ते कडवे असे करून पाहिले :

पहिल्या गं प्रहराला, जागा नाही मुक्कामाला
गाव वाडवडिलांचे, घर घर पाहुण्यांचे
जो बाळा जो जो रे जो

प्रत्येक चरण चार आणि चार असा तुटतो. 'गं' हे भरतीचे अक्षर आहे खरे, पण ओवी-पाळण्यात बायका ते सहज घालतात, त्यामुळे कानाला खटकत नाही. ध्रुपदात अक्षरे सातच आहेत. शेवटचा 'जो' दोन मात्रा धरला की आवर्तन पुरे होते आणि श्वास घ्यायलाही जागा मिळते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कुणी दार लावून घेतले असे लूक सांगत नाही, जागा नव्हती एवढेच सांगतो. जत्रेच्या रात्री जसे गावातले प्रत्येक घर भरून जाते, तसे ते गाव भरले होते. आपल्या लोकांना हे पटते आणि त्यात कुणाला निर्दय ठरवावे लागत नाही.

दुसऱ्या कडव्यात तू 'गव्हाणीत कडबा खाली' असे लिहिले आहेस. अक्षरे नऊ झाली ते सोड, पण कडबा म्हणजे ज्वारीची धाटे. त्यावर बाळ कोण निजवील? गुरे राखलेला माणूस तिथेच थांबेल आणि पुढची ओळ त्याला ऐकू येणार नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे डिसेंबरात भाताची काढणी होऊन गेलेली असते आणि पेंढा हाताशी असतो. तो मऊ असतो आणि अक्षरातही बसतो :

दुसऱ्या गं प्रहराला, बाळ झाले मरियेला
गव्हाणीत पेंढा खाली, बाळंत्याची ऊब झाली

गव्हाण आणि बाळंते या दोन्ही वस्तू शुभवर्तमानातल्या आहेत आणि दोन्ही आपल्या घरातल्याही आहेत, म्हणून इथे वेगळी सजावट लागत नाही. बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत. ती जोडी यशयाच्या पहिल्या अध्यायातून परंपरेने गव्हाणीपाशी आणली. ती ठेवायची की नाही हे तू ठरव, मी मात्र या कडव्यात ती घालणार नाही, कारण चार चरणांत बाळाजवळ आणखी कुणाला जागा उरत नाही.

तिसरे कडवे मी लिहून देत नाही, कारण त्याचे साहित्य तुझ्या गावाबाहेर उभे आहे. पिके निघाल्यावर धनगर शेतात मेंढरे बसवतात, शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे. रात्री वाघुरीचे जाळे लावून मेंढरांचा वाडा करतात, घोंगडी पांघरून कुत्र्यांसह पाळीपाळीने जागतात, कारण लांडग्याची भीती असते. लूकचे मेंढपाळ रानात राहून रात्री कळप राखत होते, तेव्हा हे चित्र त्या मजकुराशी ओळीओळीने जुळते. एकदा वाड्यावर जाऊन बस आणि ती माणसे रात्री कोणत्या आवाजाने दचकतात ते विचार. देवदूताच्या वेळचे भय तिथून घे. मेंढपाळांच्या हाती भेटवस्तू देऊ नकोस. शास्त्र एवढेच सांगते की ते घाईघाईने गेले.

चौथ्या कडव्यासाठी कांदा राख. मेंढपाळांनी जे सांगितले ते ऐकून सर्वांना आश्चर्य वाटले असे लूक म्हणतो, परंतु ऐकणारे कोण होते ते सांगत नाही. डिसेंबरात निफाड-सिन्नरकडे उन्हाळ कांद्याची लागवड सुरू असते आणि वीज रात्रीची असली की शेतकरी थंडीत बॅटरी घेऊन दारे धरतो. पहाटे चारला गावाबाहेर जागा असलेला माणूस तोच. परतणाऱ्या मेंढपाळांनी पहिली वार्ता त्याला सांगितली, असे म्हणण्यात शास्त्राला धक्का लागत नाही आणि आपले अर्धे चर्च त्या ओळीत स्वतःला ओळखील. इथे 'थंडी' हा शब्द टाळ. गारठलेले हात आणि भिजलेले पाय दाखव.

चाल षड्जापासून धैवतापर्यंत ठेव आणि ध्रुपद त्याहून खाली, म्हणजे मागच्या बाकांवरून साथ येईल. पहिल्या सरावात पेटी-ढोलकी बाजूला ठेवून कॉयरकडून चारही कडवी नुसत्या टाळ्यांवर म्हणून घे. जिथे दोघांचा शब्द वेगवेगळ्या ठिकाणी तुटेल ती ओळ बदल, गाणाऱ्यांना दोष देऊ नकोस. नवी दोन कडवी झाली की मला पाठव. फादरांकडे जाण्याआधी मी अक्षरे पुन्हा मोजून देईन.

तुझा हितचिंतक