चॅटवर गंमत केली की टोमणा का वाटतो?

प्रश्न: स्थळ म्हणून ओळख झालेल्या मुलीशी आठवडाभर व्हॉट्सॲपवर बोलतोय. आता ती 'हम्म', 'ओके' एवढंच लिहिते. ऑफिसमधून यायला नऊ वाजले म्हणाली, तर मी गमतीत 'वा, मजा आहे तुमची' लिहिलं. ते तिला लागलं असावं. बोलणं पुन्हा रंगवायचं कसं?

उत्तर:

मी वधूवर सूचक मंडळात काम करते. बोलणी अडली की मुलंमुली आपणहून मोबाईल पुढे करतात, त्यामुळे असे संवाद पुष्कळ वाचलेत.

'मजा आहे तुमची' हे समोर बसून, हसत म्हटलं असतं तर ती हसली असती. आपल्याकडे कौतुक आणि टोमणा बऱ्याचदा एकाच शब्दांत होतो, फरक फक्त हेल काढण्यात असतो. 'हो का?', 'छान', 'बरं झालं' हे सगळे त्यातलेच. चॅटवर तो हेल जातो, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो वाजतच राहतो, म्हणून आपलं वाक्य आपल्याला स्पष्ट वाटतं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर पाठवायला लावली. साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला सूर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगण्यापेक्षा थोडासाच जास्त. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा आकडा ७३ वर गेला.

म्हणून नव्या ओळखीत मी एकच पथ्य सांगते: थट्टेचा रोख तिच्याकडे नको. तो स्वतःकडे वळवा, नाहीतर परिस्थितीकडे. 'नऊ? बापरे. मी तर सहा वाजल्यापासूनच घड्याळाकडे बघायला लागतो' असं लिहिलं असतं तर गंमतही राहिली असती आणि दिवसभर दमलेल्या बाईला कुणीतरी आपल्या बाजूने बोलल्यासारखं वाटलं असतं. टोचणाऱ्या वाक्यापुढे हसरा चेहरा चिकटवून काही होत नाही. उलट टोमणा मुद्दाम मारला, असं वाटतं. आणि नुसतं 'का?' कधी लिहू नका, ते जाब विचारल्यासारखं दिसतं. 'का बरं?', 'सांगा ना', 'असं होय!' यांतले छोटे शब्द आवाजाचं थोडं काम करतात. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविरामही टाळा. 'ठीक आहे' आणि 'ठीक आहे.' यांत दुसरं रुसल्यासारखं वाटतं, विशेषतः पंचविशीतल्या मुलींना. (माझ्या पिढीला हे पटत नाही, आम्ही शाळेत पूर्णविरामासाठी मार खाल्लाय.)

आता बोलणं सुकण्याबद्दल. 'जेवलात का?', 'काय चाललंय?', 'मग अजून काय?' यांची उत्तरं आधीच ठरलेली असतात, ती आली की धागा तुटतो. मी पाहिलेल्या एका संवादात मुलाने विचारलं होतं, 'रविवारी काय केलं?' ती म्हणाली, 'काही विशेष नाही, भावाकडे चिंचवडला गेले होते.' याने लिहिलं, 'अरे वा. बाकी काय?' झालं, बोलणं तिथेच बसलं. तिने हातात चिंचवड आणि भाऊ असे दोन धागे दिले होते. त्यातला एक धरून स्वतःचं थोडं घालायचं आणि मग विचारायचं: 'चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात लहानपणी आजीबरोबर यायचो, तेव्हा माझं सगळं लक्ष पवनेच्या घाटावर. भाऊ मोठा की धाकटा?' आधी स्वतःचं काही सांगितल्यामुळे ही चौकशी वाटत नाही, आणि उत्तर दोन्हीकडून देता येतं. मात्र एका वेळी एकच प्रश्न. तीन विचारले तर ती सोप्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन सुटका करून घेईल. आणि बोलणं रंगात असतानाच 'भावाची ती गोष्ट उद्या ऐकतो' म्हणून थांबा. दोघं दमेपर्यंत ओढलं की शेवट 'हम्म'वरच होतो.

तुमच्या बाबतीत आधी ते वाक्य मिटवून टाका. लांबलचक खुलासा नको. 'माझा तसा अर्थ नव्हता, तुम्ही उगीच मनावर घेता' हे तर मुळीच नको, त्यात पुन्हा चूक तिचीच ठरते. एवढंच लिहा: 'परवाचं मजा आहे वालं वाक्य टोमण्यासारखं झालं, सॉरी. खरं तर नऊ ऐकून वाईट वाटलं होतं. रोजच एवढा उशीर होतो का?' जमलं तर हे दहा-पंधरा सेकंदांच्या व्हॉइस नोटमध्ये सांगा.

मग तीन-चार दिवस उत्तराच्या लांबीकडे बघू नका. ऑफिसच्या गडबडीत माणूस तुटकच लिहितो. ती आपणहून तुम्हाला काही विचारते का, ते बघा. उशिरा का होईना विचारत असेल, तर गाडी रुळावर आहे, एखादा फोन ठरवा. एकही प्रश्न येत नसेल, तर चॅटवर नवे विषय शोधत बसू नका. 'पुढे बोलावंसं वाटतंय का? नसेल तरी मोकळेपणाने सांगा, मी घरी नीट सांगेन' असं विचारून टाका. बऱ्याच मुली नकार सांगायला कचरतात त्या मुलापेक्षा घरच्यांच्या प्रश्नांमुळे, म्हणून ते शेवटचं अर्धं वाक्य गाळू नका.