इलेक्ट्रोलिसिसने १ किलो हायड्रोजन बनवायला किती वीज लागते आणि फ्युएल सेलमधून त्यातली किती परत मिळते?

साधारण ५० ते ५५ युनिट लागतात, परत मिळतात १६ ते १८. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश.

याचं मूळ व्होल्टेजमध्ये आहे. एक किलो हायड्रोजनमागे दोन्हीकडे सुमारे २६,६०० अँपिअर-तास इतकाच विद्युतभार वाहतो. पण पाणी फोडताना प्रत्येक सेलला १.९ व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात, तर फ्युएल सेल चालू भाराखाली ०.६५ ते ०.७ व्होल्टच देतो. गुणून पाहा: २६.६ हजार अँपिअर-तास × १.९ व्होल्ट म्हणजे ५०.५ युनिट, २६.६ × ०.६८ म्हणजे १८. मधला फरक उष्णता होऊन जातो. पंप आणि कन्व्हर्टरची वीज वेगळी. टाकीत ७०० बारपर्यंत दाबून भरायचा असेल, तर आणखी काही युनिट खर्च होतात, हे बरेचदा हिशेबात धरलंच जात नाही.